ईद दोनपैकी एका दिवशी, मग अर्जात तारीख का नाही?

आपल्या धामणगाव बढे येथील दुकानदारांची आणि कारागिरांची मुले आता पुणे, नाशिक, मुंबईकडे नोकरीला लागली आहेत. बापाने जन्मात कोणाकडे रजा मागितलेली नसते. शटर खाली ओढले की सुट्टी, वर केले की कामाचा दिवस, एवढाच त्याचा हिशेब. त्यामुळे साहेबाकडे रजा मागणारा ई-मेल कसा लिहावा, हे घरात सांगणारा कोणी नसतो. शाळेत शिकवलेला अर्ज ‘पोट दुखत असल्यामुळे’ इथपर्यंतच. मुलगा मोठ्या कारखान्यात हुशारीने काम करतो आणि रजेच्या चार ओळींत मार खातो. याचे एक उदाहरण आमच्याच ओळखीत घडले, ते सविस्तर सांगतो.

हा तरुण पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. तयार माल गाडीत भरून देणे, त्याची कागदपत्रे करणे हे त्याचे काम. घर इथलेच, वडील शिलाईचे काम करतात. सन २०२४ च्या रमजान ईदला त्याने ८ एप्रिलला, म्हणजे निघायच्या दिवशी, साहेबांना एका ओळीचा ई-मेल केला: ‘ईदसाठी गावी जायचे आहे, कृपया सुट्टी द्यावी.’ तोंडी सांगितले की १० तारखेला ईद आहे, १२ ला सकाळी येतो. त्या वर्षी भारतात रोजे १२ मार्चला सुरू झाले होते. ९ एप्रिलला २९ वा रोजा होता, त्या संध्याकाळी चांद दिसला नाही, ३० रोजे पूर्ण झाले आणि ईद ११ एप्रिलला गुरुवारी झाली. गडी कामावर पोहोचला १३ तारखेला. १२ तारखेला एक गाडी माल भरून गेटवर उभी राहिली, कारण ई-वे बिलाच्या पोर्टलचा पासवर्ड याच्याच डोक्यात आणि हा रेंज नसलेल्या ठिकाणी. नतीजा असा की दोन दिवसांचा पगार कापला गेला आणि वर समज देणारे पत्र हातात आले.

घरात सगळ्यांचे एकच मत पडले: ईदचे नाव होते म्हणून हे झाले. असे कोठे घडतच नाही असे मी म्हणणार नाही. पण मी तो ई-मेल वाचायला मागितला. त्यात जाण्याची तारीख नव्हती, येण्याची नव्हती, कामाचे काय करायचे ते नव्हते. साहेबाच्या मनात काय होते हे त्या ई-मेलवरून कळायला मार्गच नव्हता, कारण त्याला हो किंवा नाही म्हणायला आपण काही दिलेच नव्हते. नीट अर्ज करून नकार आला असता तर तक्रार करायला हातात कागद तरी असता.

पुढच्या वर्षीचा पेच जास्त कठीण होता. सन २०२५ मध्ये २९ वा रोजा ३० मार्चला, रविवारी, येत होता आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. चांद दिसला तर ईद सोमवारी ३१ मार्चला, नाही तर मंगळवारी १ एप्रिलला. ३१ मार्च म्हणजे व्यापारी वर्षाची अखेर, मालाची मोजदाद, खाती बंद. सरकारी भरणा घेणाऱ्या बँकांच्या शाखाही त्या वर्षी ३१ मार्चला उघड्या ठेवण्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. त्या कंपनीच्या यादीत ईदची सुट्टी ३१ मार्चला होती खरी, पण स्टोअर मोजदादीसाठी उघडे राहणार होते आणि स्टोअरमधला माणूस जागेवर असावा अशी साहेबांची अपेक्षा असणार, हे सांगायला नको. मुलगा फेब्रुवारीत घरी आला तेव्हा विचारू लागला, ‘चाचा, या वेळी काय लिहू? आजीला बरे नाही असे लिहून टाकू का?’

मी म्हटले, आजीला उगाच आजारी पाडू नकोस. आपल्याकडे काही मुले ईदचे नाव लिहायला कचरतात आणि ‘घरगुती काम’ किंवा नातेवाइकाचा मृत्यू लिहितात. मग एकाच दादीचा इंतकाल दर वर्षी शव्वालच्या सुमारास होतो! खोटे बोलणे गुनाह आहे हा भाग आहेच, पण धंद्याच्या हिशेबानेही तो तोट्याचा सौदा आहे. ईदची तारीख साहेबाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेली असते. कारण सरळ लिहावे, आणि एका वाक्यात लिहावे. कारणाला चार ओळी आणि तारखेला शून्य, ही आपल्या अर्जांची खरी खोड आहे.

आता तारखेचे. ‘चांदचे काही सांगता येत नाही’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की समोरच्याला वाटते, हा माणूस वाटेल तेव्हा जाईल आणि वाटेल तेव्हा येईल. वास्तविक चांदइतका ठरीव व्यवहार दुसरा नाही. महिना २९ चा किंवा ३० चा. ईद दोनपैकी एका दिवशी, तिसरा दिवस नाही. हे आपल्याला पाठ असते, साहेबाला माहीत नसते. म्हणून दोन्ही तारखा अर्जात लिहाव्यात आणि कोणती खरी ठरली ते कधी कळवणार, ती वेळही लिहावी. अनिश्चितता एका दिवसाची आहे आणि ती ३० मार्चच्या रात्री संपणार आहे, हे कळले की कोणताही शहाणा साहेब त्याप्रमाणे माणसांची बदली लावू शकतो.

दिवसही आपणच मोजून द्यावेत. तो शुक्रवारी २८ मार्चला काम संपवून रात्रीच्या गाडीने निघणार, मलकापूरला उतरून शनिवारी सकाळी घरी. शनिवार २९ रजेचा, रविवार ३० साप्ताहिक सुट्टीचा, सोमवार ३१ यादीतल्या सुट्टीचा, मंगळवार १ एप्रिल रजेचा, त्या रात्रीची गाडी आणि बुधवारी २ एप्रिलला कामावर. गावात राहणे चार दिवस, रजा मात्र दोनच. काही कंपन्या दोन रजांच्या मध्ये आलेला रविवारही रजेत धरतात. कामगारांच्या भरपगारी रजेबाबत १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात मधल्या सुट्ट्या रजेत मोजू नयेत असे स्पष्ट होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. त्यात वर्षात १८० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे, पूर्वी त्यासाठी २४० दिवस लागत. किरकोळ रजेला मात्र कंपनीचे स्वतःचे नियम असतात. म्हणून कोणत्या प्रकारची रजा आणि किती दिवस हे लिहून द्यावे. साहेबाला वेगळे मोजायचे असेल तर तो तेव्हाच सांगेल, पगाराच्या दिवशी नव्हे.

जुन्या फॅक्टरी कायद्यात रजेच्या किमान १५ दिवस आधी लेखी अर्ज करावा असा नियम होता. तो आजही धरून चालावा, कारण बदली माणूस ठरवायला तेवढा वेळ लागतोच. या मुलाने १० मार्चला, म्हणजे १९ दिवस आधी ई-मेल केला. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. त्याने तिकीट जानेवारीच्या शेवटीच काढून ठेवले होते, आणि ते शहाणपणाचे होते. पण ‘माझे तिकीट झाले आहे’ हे वाक्य मी त्याला अर्जातून काढायला लावले. रजा मागताना तिकीट दाखवणे म्हणजे भाव ठरण्याआधी माल उचलण्यासारखे आहे. नकार आला तर तिकीट रद्द करण्याचे थोडे पैसे जातील, ते सोसावेत.

खरे वजन पडते ते काम सोपवण्याच्या भागावर. इथे बहुतेक अर्जांत एकच वाक्य असते: ‘माझे काम अमुक पाहील.’ याला काही अर्थ नाही. आपल्याच गावातला शिलाईचा धंदा घ्या. ईदच्या आठ दिवस आधी कारागीर गावी गेला आणि सांगून गेला की ‘बाकीचे भाई पाहतील’, तर मालक काय करणार? कापलेले कुर्ते गठ्ठ्यात, मापे कारागिराच्या वहीत आणि वही त्याच्या पिशवीत. मालकाला जे हवे असते ते म्हणजे कोणते कापड कोणाचे, कोणते किती झाले आहे आणि माप कोठे आहे. हातातले काम ही अमानत आहे, ती मोजून द्यावी लागते.

या मुलाच्या हातात दोन अमानती होत्या. पहिली मोजदादीची. ३१ मार्चचा साठा ३१ मार्चलाच मोजला पाहिजे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात दोन-तीन दिवस आधी मोजून, नंतर आत आलेला आणि बाहेर गेलेला माल चिठ्ठ्यांवरून मिळवून-वजा करूनही ३१ तारखेचा आकडा काढता येतो. हिशेबनिसाने आणि ऑडिटरने त्याला संमती दिली पाहिजे, आणि मोजल्यानंतरची एकही चिठ्ठी हरवता कामा नये. त्याने तयार मालाची मोजदाद २७ आणि २८ मार्चला सहकाऱ्याला बरोबर घेऊन करण्याचे सुचवले. हे अर्जात आले तेव्हा साहेबांची अर्धी हरकत गेली असावी.

दुसरी अमानत ई-वे बिलाची, आणि इथे ज्यांचा माल ट्रकने जातो त्या आपल्या व्यापाऱ्यांनीही लक्ष द्यावे. पूर्वी पासवर्ड सांगून गेले की काम भागत असे. सन २०२५ मध्ये पोर्टलवर पासवर्डाबरोबर मोबाइलवर येणारा ओटीपी सक्तीचा होत गेला: २० कोटींवरील उलाढालीला १ जानेवारीपासून, ५ कोटींवरील उलाढालीला १ फेब्रुवारीपासून आणि बाकी सर्वांना १ एप्रिलपासून. म्हणजे पासवर्ड सहकाऱ्याकडे आणि ओटीपी आपल्या खिशातल्या फोनवर. आपण ईदगाहात नमाजला उभे आणि गाडी गेटवर उभी! यावर उपाय असा की कंपनीच्या मुख्य खात्यातून सहकाऱ्याच्या नावाने उप-वापरकर्ता तयार करून घ्यावा, त्याचाच मोबाइल नंबर जोडावा आणि निघण्यापूर्वी त्याच्या हातून एक खरे बिल करून पाहावे. करून पाहणे महत्त्वाचे. नंबर चुकीचा टाकला गेला आहे हे त्याच वेळी कळते.

दुसरा धोका मुदतीचा. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते आणि पहिला दिवस बिल केल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. २८ मार्चला नागपूरची गाडी निघाली, अंतर साधारण ७०० किलोमीटर, म्हणजे चार दिवस. मुदत १ एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवून घेता येते, म्हणजे १ एप्रिलच्या दुपारी चारपासून २ तारखेच्या सकाळी आठपर्यंत. बिल ट्रान्सपोर्टरकडे सोपवलेले असेल तर हे काम त्याचे, नसेल तर बिल करणाऱ्याचे. नेमका त्याच तासांत हा मुलगा परतीच्या रेल्वेत असणार होता. म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांची यादी, प्रत्येकीपुढे मुदत संपण्याची तारीख आणि वेळ लिहून, सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवणे जरुरीचे ठरले.

शेवटचा भाग रजेत भेटण्याचा. मुले भीतीपोटी लिहून देतात, ‘मी फोनवर केव्हाही उपलब्ध आहे.’ हे वचन कोणालाही पाळता येत नाही आणि दोन वेळा फोन लागला नाही की माणूस खोटा ठरतो. शिवाय केव्हाही उपलब्ध असणार तर रजा कसली? त्यापेक्षा दिवसातला एक तास द्यावा आणि तो खरा द्यावा. या मुलाने प्रथम संध्याकाळी ६ ते ७ लिहिले होते. मार्चअखेरीस आपल्याकडे इफ्तार पावणेसातच्या आसपास, आणि ३० तारखेला तर सारे गाव त्याच वेळी गच्चीवर चांद पाहत असणार! ती वेळ बदलून दुपारी ४॥ ते ५॥ केली. आधी फोन सहकाऱ्याला, त्याच्याने न सुटले तर आपल्याला, हा क्रमही लिहिला.

अखेरीस त्याने पाठवलेला ई-मेल साधारण असा होता.

‘विषय : रजेचा अर्ज, २९ मार्च आणि १ एप्रिल २०२५ (हजर : २ एप्रिल)

मा. साहेब,

रमजान ईदसाठी मला माझ्या गावी, धामणगाव बढे (जि. बुलढाणा) येथे जायचे आहे. त्यासाठी शनिवार २९ मार्च आणि मंगळवार १ एप्रिल असे दोन दिवस भरपगारी रजा मिळावी, ही विनंती. रविवार ३० मार्च साप्ताहिक सुट्टीचा आणि सोमवार ३१ मार्च यादीप्रमाणे ईदच्या सुट्टीचा आहे. मी बुधवार २ एप्रिलला पहिल्या पाळीला हजर होईन.

३० मार्चला संध्याकाळी चांद दिसला नाही तर ईद १ एप्रिलला होईल. तसे झाल्यास २ एप्रिलचीही रजा लागेल आणि मी गुरुवार ३ एप्रिलला हजर होईन. यापुढे तारीख बदलणार नाही. कोणती तारीख ठरली ते ३० मार्चला रात्री ९ पर्यंत संदेशाने कळवीन.

वर्षअखेरीची मोजदाद आहे याची मला जाणीव आहे. हिशेब विभागाची संमती असल्यास तयार मालाची मोजदाद २७ व २८ मार्चला पूर्ण करून सह्यांसह देईन. नंतरच्या आवक-जावकेच्या चिठ्ठ्या स्टोअरमधील माझे सहकारी वेगळ्या फाइलला लावतील, त्यांच्याशी बोललो आहे. ई-वे बिलासाठी त्यांच्या नावाने व त्यांच्या मोबाइलवर वेगळा प्रवेश २० मार्चपर्यंत तयार करून द्यावा, मी त्यांच्याकडून बिले करून घेऊन पाहीन. रस्त्यावरील गाड्यांची मुदतीसह यादी आणि किल्ल्या २८ मार्चला सायंकाळी त्यांच्याकडे देईन.

तातडीच्या बाबीसाठी प्रथम त्यांच्याशी संपर्क व्हावा. मी २९ मार्च ते १ एप्रिल रोज दुपारी ४॥ ते ५॥ फोनवर असेन. १ एप्रिलच्या रात्री प्रवासात असल्याने फोन लागेलच असे नाही.

२० मार्चपर्यंत आपला निर्णय कळल्यास पुढील तयारी करता येईल.

आपला विश्वासू’

सीसीमध्ये फक्त त्या सहकाऱ्याला ठेवले. काही जण एचआरपासून मालकापर्यंत सगळ्यांना प्रती पाठवतात. साहेबाला ते डोक्यावर चढल्यासारखे वाटते. एचआरकडे साहेबाच्या मंजुरीनंतर पाठवावे. काहींना वाटते की ई-मेल इंग्रजीतच हवा. ज्या कचेरीत इंग्रजीची रीत आहे तिथे इंग्रजीत लिहावा, पण क्रम हाच ठेवावा. तोडक्या इंग्रजीत तारीख चुकण्यापेक्षा नीट मराठीत बरोबर लिहिलेली चांगली.

उत्तर लेखी आले नाही. तीन दिवसांनी साहेब जिन्यात भेटले आणि म्हणाले, ‘जा, पण मोजदाद झाली पाहिजे.’ आपली मुले इथे खुश होऊन गप्प बसतात. तोंडी होकार साहेबाच्या बदलीबरोबर किंवा विसराळूपणाबरोबर जातो. त्याने त्याच ई-मेलला दोन ओळी जोडल्या: ‘आज सकाळी आपण बोलल्याप्रमाणे रजा मंजूर आहे असे समजतो. मोजदाद २८ पर्यंत पूर्ण करीन.’ त्यावर एका शब्दाचे उत्तर आले, ‘ओके.’ हजेरी विभागाला तेवढे पुरले.

३० मार्चला संध्याकाळी चांद दिसला. मगरिबनंतर थोड्याच वेळात त्याने साहेबांना संदेश टाकला की ईद उद्या आहे, २ तारखेला हजर होतो. साहेबांनी ईद मुबारक लिहून खाली विचारले की चिठ्ठ्यांची फाइल कोणत्या कपाटात आहे. तेवढे लिहायचे राहून गेले होते.